हाताच्या दुखापतीनंतर पुन्हा लाइनवर: गोव्यातल्या कारखान्यात हलक्या कामाचा आराखडा कसा आखावा

अपघाताच्या दिवशी काय करायचे हे बहुतेक कारखान्यांत निदान कागदावर तरी लिहिलेले असते. पुढच्या तीन-चार महिन्यांत काय करायचे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. कामगार घरी बसतो, दर थोड्या दिवसांनी दाखला आणतो, फोन कमी होत जातात. मग एक दिवस डॉक्टर ‘कामावर जायला हरकत नाही’ असे लिहितात आणि कंपनी म्हणते, ‘शंभर टक्के बरा झालास की ये.’ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत अनेकांची नोकरी जाते. ती फट बुजवायची कशी, यासाठी हा लेख आहे.

सगळ्या दुखापतींवर एकदम लिहिले तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही. म्हणून एकच प्रकरण घेतो. डिचोलीत राहणारा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग मशीन चालवणारा ३४ वर्षांचा ऑपरेटर. महिन्याचा पगार १८,००० रुपये, ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कार्ड आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात अडकलेली पट्टी काढताना कटिंग ब्लेडने उजव्या हाताच्या तर्जनीचे आणि मधल्या बोटाचे तळव्याकडचे टेंडन, म्हणजे बोट वाकवणारे दोर, कापले गेले. त्याच रात्री बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, ते शिवले. माणूस उदाहरणापुरता आहे, पण अशी इजा पॅकिंग आणि कटिंगच्या कामात नवलाची नाही. ती मुद्दाम निवडली, कारण बाहेरून हात लवकर बरा दिसतो आणि आतून मात्र तो बरेच आठवडे कच्चा असतो. घाईही इथेच होते आणि विनाकारण उशीरही.

पहिला आठवडा: अपघाताची नोंद ‘कामावरची इजा’ अशीच झाली पाहिजे

कामावर परतायची तयारी पहिल्याच दिवशी सुरू होते, ती अपघात नोंदवहीत. तारीख, वेळ, मशीन, साक्षीदार आणि काय करताना लागले, एवढे त्यात यायला हवे. कंपनीने ईएसआयकडे अपघाताचा अहवाल ऑनलाइन पाठवायचा असतो. त्याची प्रत किंवा निदान त्याचा क्रमांक घरच्यांनी मागून घ्यावा. ‘आता उपचार होऊ दे, कागद नंतर बघू’ असे कुणी म्हटले तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की कागद आजच हवा.

इतका आग्रह का, ते पैशांत पाहू. कामावरची इजा म्हणून नोंद झाली की ईएसआयकडून तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. तो सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के असतो आणि डॉक्टर काम करू नका म्हणतात तोवर चालू राहतो. तीच रजा साध्या आजारपणाची म्हणून गेली, तर ७० टक्के आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. आपल्या ऑपरेटरचे रोजचे वेतन ढोबळ ६०० रुपये धरले, तर एका बाजूला दिवसाला ५४० रुपये आणि दुसऱ्या बाजूला ४२०. शिवाय बोट कायमचे आखडले तर पुढे मेडिकल बोर्डासमोर जायचे असते. तिथे पहिला प्रश्न हाच येतो, की ही इजा कामावर झाल्याची नोंद कुठे आहे?

दुसरी गोष्ट दाखल्यांची. शस्त्रक्रिया गोमेकॉत झाली तरी तिथला डिस्चार्ज कागद घेऊन आपल्या ईएसआय दवाखान्यात जावे लागते. पहिला दाखला, मधले दाखले आणि शेवटचा, म्हणजे कामावर जायला हरकत नाही असे सांगणारा, दाखला हे तिथल्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मिळतात. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबून राहिले की पैसे अडकतात. हाताला स्प्लिंट असताना माणसाला बसने हेलपाटे मारणे जड जाते हे मान्य आहे. घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावे. दर दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढून तो त्याच दिवशी एचआरला पाठवावा. त्यामुळे ‘न कळवता गैरहजर’ हा शेरा हजेरीपटावर येत नाही. नोकरी जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा या शेऱ्यानेच होते.

पगार २१,००० च्या वर असेल आणि ईएसआय लागू नसेल, तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. तिचा हिशेब वेगळा आणि बराच तुटपुंजा आहे. अशा कामगाराने पाट्टोवरच्या श्रमशक्ती भवनात, मजूर आयुक्तांच्या कार्यालयात, सुरुवातीलाच विचारणा करावी. हलक्या कामाबद्दल पुढे जे सांगतो ते मात्र त्यालाही तसेच्या तसे लागू पडते.

हात आतून कसा भरतो, हे सुपरवायझरलाही माहीत हवे

शिवलेला दोर पहिले सहा आठवडे कच्चा असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर तो शिवण्याच्या आधारावरच टिकलेला असतो. म्हणून हाताच्या मागून एक स्प्लिंट लावतात. तिच्यामुळे बोटे सरळ ताणली जात नाहीत, पण आतल्या बाजूला हलकी वाकवता येतात. ही हालचाल शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच सुरू करतात. हात पूर्ण बांधून ठेवला तर दोर भोवतालच्या पेशींना चिकटतो आणि बोट कायमचे आखडते. उलट जोर लावला तर शिवण तुटते. फिजिओथेरपिस्ट जागेपणी दर दोन तासांनी ठरावीक वेळा बोटे हलवायला सांगतो, ते याच दोन धोक्यांच्या मधून वाट काढण्यासाठी.

सर्वसाधारणपणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास स्प्लिंट निघते. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच काळाची. स्प्लिंट निघाली की घरच्यांना आणि कंपनीलाही वाटते, झाला बरा. पाण्याची घागर उचलली, स्कूटरचा ब्रेक जोरात दाबला, आणि दोर तुटला. मग दुसरी शस्त्रक्रिया, आणि तिचा निकाल पहिलीइतका चांगला येत नाही. आठव्या आठवड्यापासून हलका वापर, त्यानंतर हळूहळू पकड वाढवणे, आणि बाराव्या आठवड्यानंतर जड काम, असा सर्वसाधारण क्रम आहे. शस्त्रक्रिया कशी झाली, नस कापली होती का, यावर तो पुढेमागे होतो. शेवटचा शब्द सर्जनचाच.

डिचोलीहून बांबोळीला फिजिओसाठी जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून पहिल्या महिन्यानंतर अनेकजण जाणे सोडतात. तसे करू नका. गोमेकॉतल्या फिजिओला स्पष्ट सांगा की रोज येणे जमत नाही. घरी करायचे व्यायाम लिहून घ्या, जवळच्या केंद्रात नेहमीचे उपचार चालतील का ते विचारा, आणि बांबोळीची फेरी मोजमापासाठी ठेवा. दर फेरीला बोट किती वाकते, किती सरळ होते आणि पुढे पकड किती किलोची आहे, हे आकडे आपल्या वहीत लिहून घ्या. हलक्या कामाचा सगळा आराखडा या आकड्यांवर उभा राहणार आहे.

चौथा आठवडा: जागा रिकामी नाही, राखलेली आहे हे लिहून घ्या

कंपनीशी बोलायची वेळ बारावा आठवडा नव्हे, चौथा. तोवर लाइनवर त्याच्या जागी कुणीतरी उभा असतोच. तो कुठल्या अटीवर उभा आहे, यावर आपल्या माणसाची नोकरी ठरते. बदली कामगार ठरावीक तारखेपर्यंत घेतलेला असेल तर जागा राखलेली आहे. तोच कायम करून टाकला असेल, तर दोन महिन्यांनी ‘जागाच नाही’ हे उत्तर तयार असते, आणि ते देताना कुणाला वाईटही वाटत नाही.

त्यामुळे चौथ्या आठवड्यात एचआरला एक साधे पत्र किंवा ईमेल जावे. मजकूर फार नको:

‘दिनांक अमुक रोजी पॅकिंग लाइनवर झालेल्या अपघातानंतर मी ईएसआयच्या दाखल्यावर आहे. सर्जनच्या अंदाजानुसार आठव्या ते दहाव्या आठवड्यात मला हलके काम करता येईल. माझ्या जागी घेतलेली व्यक्ती तात्पुरती आहे, याची कृपया लेखी पुष्टी करावी. हलक्या कामाचा आराखडा ठरवण्यासाठी सहाव्या आठवड्यात सुपरवायझरसह भेटीची वेळ द्यावी.’

पत्रात धमकी नाही, तक्रार नाही, कलमांची यादीही नाही. कंपनीला तारीख कळते आणि तिला नियोजन करता येते. चांगल्या मालकाला हेच हवे असते. वाईट मालकाला आपल्याकडे लेखी नोंद आहे हे समजते.

कायद्याचे पाठबळ किती आहे? तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढणे किंवा शिक्षा करणे १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ ने निषिद्ध ठरवले होते. त्याखालच्या नियमांत मात्र सलग सहा महिन्यांनंतर रीतसर नोटीस देऊन काढण्याची वाट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे, म्हणून पत्रात जुन्या कलमाचा आकडा घालण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात नवा संदर्भ विचारून घ्या. आपल्या आराखड्यासाठी सहा महिने हीच लक्ष्मणरेषा माना. जूनचा अपघात असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत माणूस कुठल्या ना कुठल्या कामावर हजर असला पाहिजे.

या काळात राजीनाम्यावर, कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा मजकुरावर सही करायची नाही. ‘आता राजीनामा दे, बरा झालास की परत घेतो’ हे आश्वासन देणारा प्रामाणिक असला तरी सही करू नका. सेवा तुटली की ग्रॅच्युइटीची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. न तुटता राहिली, तर कामावरच्या अपघातामुळे झालेली गैरहजेरी ग्रॅच्युइटीच्या सलग सेवेत धरली जाते. बोनससाठीही हे दिवस कामाचे दिवस म्हणून मोजतात. चतुर्थीच्या आधी बोनसची यादी लागते तेव्हा हा मुद्दा नक्की तपासा.

माणूस ठेकेदाराकडचा असेल तर पत्र दोघांना पाठवा, ठेकेदाराला आणि मूळ कंपनीला. हलके काम कंपनीच्या आवारातच मिळणार असते; एकट्या ठेकेदाराच्या हातात ते नसते.

अर्ध्या दिवसाचा सापळा

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘हळूहळू परत येणे’ म्हटले की बहुतेकांना सुचते ते असे: सुरुवातीला चार तास, मग सहा, मग आठ. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण ईएसआयचा लाभ दिवसाच्या हिशेबाने मिळतो, तासाच्या नाही. ज्या दिवशी काम करून वेतन घेतले, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. अर्ध्या दिवसाचे वेतन कंपनीकडून आणि उरलेले ईएसआयकडून, अशी सोय नाही.

हिशेब करून पाहा. घरी राहिला तर ५४० रुपये. चार तास काम करून अर्धे वेतन घेतले तर ३००. म्हणजे कामावर गेल्याबद्दल दिवसाला २४० रुपयांचा तोटा, वर बसभाडे. अशा अटीवर कामगार साहजिकच घरी राहणे पसंत करतो, आणि मग त्याला ‘कामचुकार’ म्हणतात. त्याचे गणित चुकलेले नसते. चूक आराखड्याची असते.

म्हणून गोव्यात, ईएसआयच्या चौकटीत, तास कमी करण्यापेक्षा कामाचा भार कमी करावा. पूर्ण पाळी, पूर्ण वेतन, पण हाताला झेपेल असे काम. कंपनी पूर्ण वेतन देऊन तास कमी करायला तयार असेल तर उत्तमच. दोन्ही नसेल तर शेवटच्या दाखल्याची घाई करू नका. डॉक्टरांना सांगा की हलके काम उपलब्ध नाही. त्यांना नेहमीचे काम डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा लागेल.

याच्या उलटा प्रकारही चालतो, आणि तो धोक्याचा आहे. दाखल्यावर असतानाच सुपरवायझर म्हणतो, ‘नुसता येऊन बस, हजेरी लावत नाही, थोडे लेबल बघ.’ ओळखीपोटी माणूस जातो. त्या दिवशी हाताला पुन्हा लागले तर कागदोपत्री तो तिथे नव्हताच. शिवाय काम करत असताना लाभ घेतला, असा ठपका त्याच्यावरच येतो. दाखला चालू असताना गेटच्या आत कामासाठी पाऊल टाकू नये.

सहावा आठवडा: लाइनवर उभे राहून कामांची यादी

एचआरच्या खोलीत बसून ‘हलके काम’ ठरवता येत नाही. सुपरवायझर आणि कामगार दोघांनी लाइनवर उभे राहावे, आणि त्या जागेवरचे एकेक काम कागदावर लिहावे. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: वजन किती, कुठल्या हाताने कशी पकड लागते, आणि तासाला किती वेळा. वजनकाटा सोबत न्या, अंदाजाने लिहू नका.

आपल्या ऑपरेटरची यादी अशी निघाली. बॅच नंबर आणि छपाई डोळ्यांनी तपासणे: वजन नाही. बॅच रेकॉर्ड भरणे: पेनाची पकड, दुखल्यास थांबता येते. रिकाम्या कार्टनच्या चपट्या गठ्ठ्या मशीनला लावणे: गठ्ठी दीड किलो, तासाला वीस वेळा. लेबलचा रोल चढवणे: पाच किलो, पाळीत चार वेळा, आणि बोटांनी गच्च धरावा लागतो. भरलेले खोके पॅलेटवर ठेवणे: बारा किलो, तासाला तीस. मशीन बदलाच्या वेळी पान्याने बोल्ट सैल करणे: वजन कमी, पण जोर सर्वांत जास्त आणि झटका अचानक. अडकलेला माल काढणे: जिथे अपघात झाला तेच काम.

यादी हाती आली की ‘हलके’ म्हणजे काय यावर वाद उरत नाही. ती सर्जन आणि फिजिओला दाखवा. ‘हलके काम देण्यात यावे’ या एका ओळीऐवजी ‘उजव्या हाताने अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही, पान्याचा वापर नाही, दोन आठवड्यांनी फेरतपासणी’ असे लिहून द्यायची विनंती करा. पुढ्यात नेमकी कामे असली की डॉक्टरलाही नेमके लिहिणे सोपे जाते.

आठव्या आठवड्यापासून: चार पायऱ्या

जुलैच्या शेवटी सर्जनने हलक्या कामाला मान्यता दिली, ईएसआय दवाखान्याने शेवटचा दाखला दिला, आणि कंपनीने पूर्ण वेतनावर पुढचा आराखडा लेखी मान्य केला, असे धरू.

पहिली पायरी, नववा आणि दहावा आठवडा. छपाई तपासणे आणि बॅच रेकॉर्ड. उजव्या हातात अर्ध्या किलोपेक्षा जास्त काही नाही. दर तासाला दहा मिनिटे बोटांचे व्यायाम, आणि हे पत्रात लिहिलेले हवे, नाहीतर नव्या पाळीचा सुपरवायझर त्याला ‘टाइमपास’ समजतो. घट्ट हातमोजे व्रणाला टोचतात, म्हणून एक माप मोठे. रात्रपाळी नाही.

दुसरी पायरी, अकरावा आणि बारावा आठवडा. दोन्ही हातांनी दोन किलोपर्यंत, म्हणजे कार्टनच्या गठ्ठ्या लावणे सुरू. पण तासाला वीस वेळा नाही. पहिल्या आठवड्यात दहा, दुसऱ्यात वीस. वजन आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. दोन्ही वाढवले आणि हात सुजला, तर कशाने सुजला हे कळत नाही.

तिसरी पायरी, तेरावा ते पंधरावा आठवडा. फिजिओने पकड मोजली आणि सर्जनने जड कामाला हळूहळू मोकळीक दिली, तरच. लेबलचा रोल, मशीन चालवणे, जोडीला दुसरा ऑपरेटर. माझा ठोकताळा असा आहे की इजा झालेल्या हाताची पकड दुसऱ्या हाताच्या निम्म्यावर आल्याशिवाय ही पायरी घेऊ नये, आणि तीन-चतुर्थांशावर आल्याशिवाय चौथी घेऊ नये. हा नियम नव्हे, सर्जनचे मत वेगळे असेल तर तेच पाळा.

चौथी पायरी, सोळाव्या आठवड्यापासून. बारा किलोचे खोके आणि पाना. आधी खोके, एका आठवड्याने पाना. अडकलेला माल काढण्याचे काम मात्र मशीनच्या गार्डची दुरुस्ती झाल्याशिवाय कुणालाच देऊ नये. तिथे पुन्हा हात घालायला सांगितल्यावर माणसाचा हात थरथरतो, ते स्वाभाविक आहे. मशीन पूर्ण बंद, वीज तोडलेली, कुलूप लावलेले, असे दोन-तीनदा त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय त्याला पुढे ढकलू नका. गार्ड बदलायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे लेखी तक्रार करता येते.

पायऱ्या ठरवताना एक गोष्ट हमखास निसटते: कारखान्यापर्यंत पोचायचे कसे? स्कूटरचा ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हाताला. ब्रेक दाबतात तो नेमका याच दोन बोटांनी. पावसात डिचोलीहून कुंडईला स्कूटर चालवणे म्हणजे पहिल्या पायरीवर असलेल्या हाताला चौथ्या पायरीचे काम देणे. कंपनीची बस त्याच्या गावावरून जात नसेल तर जवळच्या थांब्यापासून घ्यावी, आणि बसच्या वेळेशी जुळणारी पाळी द्यावी. एवढ्या एका कारणाने परतणे महिनाभर लांबू शकते, आणि उपाय फक्त पाळी बदलण्याचा असतो.

सोबतच्या कामगारांवर त्याचा भार टाकू नका

लाइनवर सहाजण लागतात आणि हलक्या कामावरचा माणूस सहावा म्हणून मोजला, तर उरलेल्या पाचांच्या अंगावर त्याचे खोके पडतात. त्यांचा उत्पादन भत्ता घटतो. चार दिवसांत ‘हा बसून पगार खातो’ अशी कुजबुज सुरू होते, आणि तो लाजेखातर खोका उचलतो. यात ना त्याची चूक, ना त्यांची. पहिल्या तीन पायऱ्यांत तो सातवा म्हणूनच मोजला गेला पाहिजे, आणि बदली कामगाराची मुदत चौथ्या पायरीपर्यंत ठेवली पाहिजे. कंपनीला हा खर्च वाटतो. पण दोर पुन्हा तुटला तर तीच जागा आणखी चार महिने रिकामी राहते, आणि अनुभवी ऑपरेटर गेला तर नवा तयार करायलाही वेळ लागतोच. एचआरशी बोलताना दयेचा सूर न लावता हा हिशेब मांडा.

मागे कधी यायचे

पायरी चढल्यावर हात थोडा दुखणारच. रात्री झोपून सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत झाले तर चिंता नाही. काम थांबवल्यावर दोन तासांनंतरही दुखत राहिले, किंवा सकाळी बोटे आदल्या दिवसापेक्षा सुजलेली आणि आखडलेली असली, तर एक पायरी खाली या आणि आठवडाभर तिथेच थांबा. ही माघार आराखड्यात आधीच लिहिलेली असावी, म्हणजे प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागत नाही.

दोन लक्षणांना मात्र वाट पाहायची नाही. काम करताना ‘टक’ असे जाणवले आणि बोट आपोआप वाकेनासे झाले, तर दोर तुटला असे समजून त्याच दिवशी गोमेकॉ गाठा. उशीर झाला तर पुन्हा शिवणे कठीण होते. दुसरे, जखमेच्या मानाने फार जास्त आग होणे, हात कधी गरम तर कधी थंड पडणे, रंग बदलणे, घाम येणे, साधा कपडा लागला तरी सहन न होणे. हा मज्जातंतूंशी संबंधित वेगळा विकार असू शकतो, आणि लवकर उपचार झाले तरच तो आटोक्यात राहतो. ‘नाटक करतो’ म्हणून तो झटकला जातो, हे फार वाईट आहे.

पुन्हा दाखल्यावर जावे लागले तर ईएसआय दवाखान्यात जुन्या अपघाताचा संदर्भ आवर्जून सांगा. नवा आजार म्हणून नोंद झाली तर लाभ पुन्हा ७० टक्क्यांवर येतो.

बोट पूर्ण वाकलेच नाही तर

सगळे नीट करूनही काही हातांत कायमची उणीव राहते. शेवटच्या दाखल्यानंतर मेडिकल बोर्डाकडे मूल्यांकनासाठी अर्ज करा. पाट्टोवरचे ईएसआयचे प्रादेशिक कार्यालय किंवा आपले शाखा कार्यालय त्याची रीत सांगेल. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते, आणि त्या प्रमाणात लाभ मिळत राहतो. अंदाज यावा म्हणून: पूर्ण तर्जनी गेली तर कायद्याच्या परिशिष्टात १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. बोट जागेवर आहे पण आखडले आहे, अशा वेळी बोर्ड तपासून आकडा ठरवते. फिजिओच्या वहीतली मापे तिथे घेऊन जा.

अनेकजण बोर्डाचा निकाल येईपर्यंत कामावर जात नाहीत, कारण ‘काम सुरू केले तर पेन्शन मिळणार नाही’ असे कुणीतरी सांगितलेले असते. हे खरे नाही. कायमच्या अपंगत्वाचा लाभ नोकरी करत असतानाही मिळतो. घरी बसून सहा महिन्यांची रेषा ओलांडणे हेच खरे नुकसान.

पान्याचे काम कायमचे जमणार नसेल तर कामांची तीच यादी पुन्हा काढा. सात कामांपैकी पाच जमतात, तर दोन कामांसाठी जोडीदार देऊन तो ऑपरेटर राहू शकतो. नाहीतर गुणवत्ता तपासणी किंवा स्टोअरमध्ये त्याच पगारावर बदली मागावी. सरकारी आस्थापनेत हा हक्क पक्का आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. खासगी कारखान्याला हे कलम लागू नाही. पण वीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण प्रसिद्ध करायचे असते, आणि दिव्यांगांना कुठली पदे योग्य आहेत ते त्यात नोंदवायचे असते. एचआरकडे त्या धोरणाची प्रत मागा. बदलीचा अर्ज करताना त्यातल्या पदाचे नाव लिहा, सोबत कामांची यादी आणि पकडीचे आकडे जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच व तारीख घ्या.